शिकाऊ परवाना हाती, चवथ तोंडावर: गाडी आत्ता घ्यावी की लायसन झाल्यावर?

फोंडेकर (१२ जुलै)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या एका प्रश्नावरून रोज रात्री जेवताना चर्चा होते आणि ती रोज तेथेच थांबते, म्हणून येथे विचारतो आहे.

माझी पत्नी माशेलच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका आहे. आम्ही फोंड्याजवळ कवळ्यात राहतो. आजवर ती स्कूटरने जात असे, परंतु गेल्या पावसाळ्यात दोनदा घसरून पडल्यावर तिने स्वतःहून चारचाकी शिकण्याचे मनावर घेतले. ६ जुलैला तिला शिकाऊ परवाना मिळाला असून ड्रायव्हिंग स्कूलची शिकवणी सुरू आहे. घरात माझी २०१३ सालची मॅन्युअल हॅचबॅक आहे, जी ९२ हजार किलोमीटर चालली आहे आणि जिने मी रोज वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. म्हणजे तिच्यासाठी दुसरी गाडी लागणार हे ठरलेलेच आहे.

प्रश्न कधी घ्यायची हा आहे. यंदा चवथ १४ सप्टेंबरला आहे. शोरूमवाल्याचे म्हणणे असे की आत्ता बुकिंग केले तर चवथीपूर्वी गाडी दारात येईल आणि 'या महिन्याची ऑफर' पदरात पडेल. आईचीही इच्छा आहे की गणपती घरी येण्याआधी गाडी यावी. मला मात्र वाटते की ज्या माणसाचे लायसनच झालेले नाही, त्याच्यासाठी सहा-सात लाखांची वस्तू दारात आणून उभी करण्यात घाई होते आहे. शिवाय गाडी तिच्या नावावर घ्यायची आहे; शिकाऊ परवान्यावर ते चालते का, आणि ती शिकत असताना काही झाले तर विम्याचे काय, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

सत्यवक्ता_वास्को

गाडी मुळीच घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकाऊ परवान्यावर विमा लागू होत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाच्या मुलाने शिकताना गाडी खांबाला लावली आणि विमा कंपनीने एक पैसाही दिला नाही. पक्के लायसन हाती येईपर्यंत तुमच्या जुन्या गाडीलाही त्यांना हात लावू देऊ नये.

काका_वाळपई

मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत का, हे आधी पाहावे. हल्लीची मुले ऐकत नाहीत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर शिक्षा पालकाला होते.

फोंडेकर

काका, मुलासाठी नव्हे, पत्नीसाठी विचारले आहे, आणि तिला बेचाळीस पूर्ण झाली आहेत.

सर्वेक्षक_डिचोली

मी मोटार विम्याचा सर्वेक्षक म्हणून पुष्कळ वर्षे काम केले आहे आणि आता निवृत्त आहे. अपघात झालेल्या गाड्या पाहण्यातच आयुष्य गेल्यामुळे माझी नजर थोडी वाकडी आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

वास्कोकरांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पॉलिसीच्या कागदावर चालकाविषयीचे एक कलम असते, जे कोणी वाचत नाही. त्यात असे म्हटलेले असते की वैध शिकाऊ परवाना असलेली व्यक्तीही गाडी चालवू शकते, मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमाच्या अटी पाळलेल्या असल्या पाहिजेत. त्या अटी दोनच आहेत. शेजारी पक्के लायसन असलेली व्यक्ती बसलेली हवी, आणि तीही गाडी थांबवता येईल अशा जागी. मागे बसून सूचना देणारे नवरे यात बसत नाहीत. दुसरे म्हणजे गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात 'एल' हे इंग्रजी अक्षर हवे. एवढे असेल तर शिकाऊ परवान्यावर झालेल्या अपघाताचाही दावा मंजूर होतो, आणि असे दावे मी स्वतः तपासून पुढे पाठवलेले आहेत. तुमच्या ओळखीतला तो मुलगा बहुधा एकटा असावा. एकटा असेल तर स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही, आणि समोरच्याला इजा झाली तर न्यायालय विमा कंपनीला त्याची भरपाई द्यायला लावून ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. तेथे घरे विकायची वेळ येते.

आता फोंडेकरांच्या प्रश्नाकडे येतो. गाडी कोणाच्याही नावावर घेता येते. मालकीसाठी लायसन लागत नाही. पण नाव ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचे अपघाती कवच असते आणि ते मालकाकडे वैध लायसन असेल तरच लागू होते. शोरूममध्ये मात्र सगळ्यांच्या पॉलिसीत ते सरसकट जोडून पैसे घेतले जातात, म्हणून सौभाग्यवतींच्या नावावर लायसनपूर्वी गाडी घेतलीत तर तसे लिहून देऊन ते वगळून घ्यावे आणि लायसन झाल्यावर जोडावे. दुसरी गोष्ट 'नो क्लेम बोनस'ची. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तुमच्या जुन्या गाडीवर पाच-सहा वर्षे दावा झालेला नसेल तर तो ५० टक्क्यांवर पोहोचलेला असेल, आणि जुनी गाडी विकून नवी स्वतःच्या नावावर घेतली तर स्व-नुकसानीच्या हप्त्यात तेवढी सूट नव्या गाडीला मिळते. पत्नीच्या नावावर घेतली तर मिळत नाही. तुम्ही जुनी गाडी ठेवणारच असाल तर हा मुद्दा उद्भवत नाही.

वेळेविषयी मात्र मी वेगळ्या बाजूने विचार करतो. त्याविषयी सवडीने लिहितो, कारण आत्ता वीज जाण्याच्या बेतात आहे.

अबोली

फोंडेकरदादा, तुमच्या घरात जे चालले आहे ते आमच्या घरात गेल्या वर्षी झाले, आणि आम्ही नेमके तेच केले जे तुमची आई सांगत आहेत. म्हणून थोडे सविस्तर सांगते.

आमच्या पेडण्याकडे चवथीला मुंबईहून सगळे येतात. सर्वांसमोर नवी गाडी दारात असावी म्हणून २०२५ च्या चवथीला, म्हणजे २७ ऑगस्टच्या आधी, माझ्या नावाने गाडी आली. तेव्हा माझे शिकाऊ लायसन होऊन तीन आठवडे झाले होते. पहिला फटका पैशांचा बसला. २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि वरचा उपकरही गेला. आमची गाडी शोरूम किमतीला सात लाखांची होती. महिन्याभराने तीच जवळजवळ साठ हजारांनी स्वस्त मिळू लागली. पंधरा ऑगस्टलाच कर कमी होणार असल्याचे कानावर आले होते, पण आमच्याकडे माटोळी बांधण्याच्या गडबडीत ते कोणी मनावर घेतले नाही.

दुसरा फटका मला अधिक लागला. गाडी नवी असल्यामुळे मला तिला हात लावायची भीती वाटू लागली. सीटवरचे प्लास्टिकसुद्धा काढले नव्हते. ह्यांच्या शेजारी बसून चालवायला घेतले की दर वळणाला 'जपून, कुंपण आहे' असे ऐकू येई, आणि तांबड्या चिऱ्यांचे कुंपण आमच्या वाटेवर दोन्ही बाजूंना आहे. शिकवणी संपल्यावर मी तिला महिन्यातून दोनदा फक्त पुढे-मागे केले. मग बॅटरी उतरली. एके सकाळी गाडी सुरू झाली नाही म्हणून बॉनेट उघडले, तर उंदरांनी आत सुके गवत आणि नारळाच्या शेंड्या आणून घर केले होते आणि वायरीचा एक जुडगा कुरतडला होता. वॉरंटीत ते बसले नाही. शिकाऊ लायसनचे सहा महिने गेले आणि मला ते नव्याने काढावे लागले.

शेवटी मी माझ्या भावाच्या जुन्या गाडीवर शिकले, जिच्या प्रत्येक दाराला आधीच एकेक पोचा होता.

पक्या_म्हापसा

एवढा विचार कशाला करायचा, मला समजत नाही. सरळ ऑटोमॅटिक घ्या. क्लच नाही, गिअर नाही, दोन दिवसांत वहिनी माशेलला पोहोचतील. लायसनही तेच लागते, हलक्या मोटार वाहनाच्या लायसनमध्ये मॅन्युअल-ऑटोमॅटिक असा भेद आपल्याकडे नाही.

सर्वेक्षक_डिचोली

वीज परत आली. पक्याबाब, लायसनविषयी तुम्ही बरोबर आहात, क्लचविषयी अर्धे. सहा-सात लाखांत जी ऑटोमॅटिक मिळते ती बहुतेक एएमटी असते. तिच्यात क्लचचे पेडल नसते, क्लच असतो. तो दाबायचे काम यंत्र करते. फर्मागुडीच्या चढणीवर बसच्या मागे रांग लागली असताना पायाने ब्रेक दाबण्याऐवजी ॲक्सिलरेटर थोडा दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवली, तर तो क्लच मॅन्युअलसारखाच जळतो, आणि जळकट वास येईपर्यंत नवशिक्याला पत्ता लागत नाही. क्लच ही झिजणारी वस्तू असल्यामुळे ना वॉरंटी त्याचे पैसे देते, ना विमा.

आता वेळेविषयी. लोक मुहूर्त, ऑफर आणि वर्षअखेरची सूट यांच्यावरून वेळ ठरवतात. मी शिकणाऱ्या माणसाच्या किलोमीटरवरून ठरवावी असे म्हणेन, आणि आकडे मांडून दाखवतो.

ड्रायव्हिंग स्कूलच्या वीस दिवसांत रोजचे अर्धा तास धरले तर साधारण शंभर किलोमीटर होतात. पण त्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. चढणीवर गाडी बंद पडत नाही म्हणून शिकणाऱ्याला वाटते की आपल्याला जमू लागले. प्रत्यक्षात अर्धा क्लच शेजारच्याने धरलेला असतो. हे तपासायचे तर शिकवणी संपल्यानंतर आपली गाडी चढणीवर उभी करून निघायला सांगावे. त्या वेळी बहुतेकांची गाडी तीनदा बंद पडते, आणि चौथ्यांदा ती गुरगुरत, वास सोडत निघते. हे शिक्षण कोणत्यातरी गाडीच्या क्लचवर व्हायलाच हवे. प्रश्न एवढाच की ते ९२ हजार चाललेल्या गाडीच्या क्लचवर व्हावे की शून्य चाललेल्या.

माझ्या अंदाजाने शिकवणीनंतर स्वतःच्या गाडीवर चार-पाचशे किलोमीटर झाले की माणूस गाडीकडे न पाहता रस्त्याकडे पाहू लागतो. तुम्ही वेर्ण्याला जाता, म्हणजे गाडी तुम्हांला रविवारी आणि दोन संध्याकाळी मोकळी मिळेल. रविवारी सकाळी तीस किलोमीटर, संध्याकाळी दर खेपेला बारा, असे आठवड्याला चोपन्न होतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून धरले तर सप्टेंबरच्या शेवटी साडेचारशेच्या घरात पोहोचाल. लायसनच्या परीक्षेला शिकाऊ परवान्यापासून तीस दिवस झाल्यावर, म्हणजे ५ ऑगस्टनंतर, बसता येते; नापास झाल्या तर सात दिवसांनी पुन्हा. त्यामुळे चवथीपर्यंत लायसन हातात असेल, पण हात बसलेला नसेल. गाडी दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कधीही यावी, चवथीला नव्हे, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट. जुन्या गाडीत दोन सीटांच्या मध्ये ओढायचा हँडब्रेक असतो, जो शेजारी बसलेल्या माणसाच्या हाताशी येतो. हल्ली काही गाड्यांत त्याच्या जागी बटण आले आहे. शिकवताना तो दांडा मला बटणापेक्षा शंभर पटीने मोलाचा वाटतो.

सत्यवक्ता_वास्को

कलम वाचून पाहिले. सर्वेक्षकसाहेब म्हणतात तसेच लिहिले आहे. तो मुलगा एकटाच होता, हेही विचारून घेतले. परंतु तरीही मी सांगेन की दावा करण्यापेक्षा न करणेच बरे, कारण बोनस जातो.

सर्वेक्षक_डिचोली

येथे मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि त्याचा हिशेब मांडण्यासारखा आहे. समजा नव्या गाडीचा पुढचा बंपर गेटला घासला आणि बदलायला सहा हजार खर्च आला. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे तीन हजार उरले. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये सक्तीने तुम्ही सोसायचे, म्हणजे हाती दोन हजार आले. आणि पुढच्या वर्षी स्व-नुकसानीचा हप्ता बारा हजार असेल तर मिळणारी २० टक्के सूट, म्हणजे २४०० रुपये, गेली. चारशे रुपये तोट्यात जाऊन कागद भरण्याचा खटाटोप केला. घसाराविरहित पॉलिसी घेतली तर हे गणित बदलते आणि शिकाऊ माणसाच्या पहिल्या वर्षी मी ती घ्या असेच सांगतो, पण बहुतेक पॉलिसींत अशा दाव्यांची संख्या वर्षाला दोनपुरती मर्यादित असते. नवशिक्याचे ओरखडे दोनावर थांबत नाहीत.

अबोली

आमच्याकडे पाच झाले. सर्व डाव्या बाजूला.

फोंडेकर

सर्वांचे आभार. आईला किलोमीटरचा हिशेब वाचून दाखवला. तिचे म्हणणे असे पडले की मग चवथीला निदान बुकिंग तरी करावे. मी शोरूमवाल्याला विचारले की आज बुकिंग करून ऑक्टोबरमध्ये गाडी घेतली तर आजचा भाव मिळेल का. तो म्हणाला, "नक्की." मी म्हटले, पावतीवर लिहून द्या. तेव्हा त्याने पावतीची मागची बाजू दाखवली. त्यावर डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेला भाव द्यावा लागेल असे बारीक अक्षरांत छापलेले होते. ऑफरही त्याच महिन्यात बिल झालेल्या गाडीलाच लागू असते. म्हणजे आधी बुकिंग केल्याने रांगेतला नंबर मिळतो, भाव नव्हे.

एक शंका राहते. डिसेंबरपर्यंतच थांबले तर? वर्षअखेरीस सूट चांगली असते म्हणतात.

सर्वेक्षक_डिचोली

असते, आणि त्यामागचे कारणही समजून घ्यावे. जानेवारी लागला की डिसेंबरात बनलेली गाडी कागदोपत्री गेल्या वर्षाची होते आणि पुढे विकताना गिऱ्हाईक उत्पादनाच्या वर्षावरून भाव पाडते. म्हणून विक्रेत्याला ती ३१ डिसेंबरपूर्वी घालवायची असते. तुम्ही गाडी दहा वर्षे ठेवणार असाल तर त्या एका वर्षाच्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही आणि सूट मात्र खरी असते. तीन-चार वर्षांत बदलणार असाल तर सूट आणि घट साधारण एकमेकींना खाऊन टाकतात.

फक्त गाडी पैसे भरण्यापूर्वी यार्डात जाऊन स्वतः पाहावी. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३२६' असेल तर टायर २०२६ च्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनला. चारही टायर जूनचे आणि गाडी डिसेंबरात मिळते आहे, याचा अर्थ ती बहुधा आपल्या पूर्ण पावसाळ्यात उघड्यावर उभी होती. तेवढ्यावरून नाकारू नये, पण बॅटरी तपासून घ्यावी आणि ब्रेकच्या तबकड्यांवरचा गंज पहिल्या फेरीत जातो का ते पाहावे.

पक्या_म्हापसा

मग मधल्या काळासाठी दोन लाखांची जुनी गाडी घेऊन सहा महिन्यांनी विकावी, हे सर्वांत सोपे नाही का?

सर्वेक्षक_डिचोली

घरात एकही गाडी नसेल तर विचार करण्यासारखे आहे. फोंडेकरांकडे शिकण्याजोगी गाडी आहे, त्यांनी नावांतराचा आणि विम्याचा खर्च दोनदा का करावा? शिवाय गोव्यात जुनी गाडी घेताना ती कधी भाड्याने फिरलेली होती का, हे पाहावे लागते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे घेऊन पर्यटकांच्या हाती चार वर्षे फिरलेली गाडी खासगीत बदलून, रंगवून विकायला येते. आरसी आणि वाहतूक खात्यातल्या नोंदी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काका_वाळपई

पितृपक्ष २७ सप्टेंबरला लागतो. त्यात काहीही घेऊ नये, एवढे ध्यानात ठेवावे.

फोंडेकर (११ ऑक्टोबर, पत्नी लिहीत आहे)

नमस्कार. मी ह्यांच्याच खात्यावरून लिहिते आहे. ज्यांच्याविषयी एवढी चर्चा झाली, त्यांनी एकदा हजेरी लावावी असे वाटले.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. गाडी मागे घेताना चाक आखलेल्या रेषेवर गेले. आठ दिवसांनी पुन्हा बसले आणि १९ ऑगस्टला पास झाले. रविवारी सकाळी कुंडई औद्योगिक वसाहतीतले मोकळे रस्ते फार उपयोगी पडले. कारखाने बंद असतात आणि चढण-उतार दोन्ही मिळतात. पहिल्या रविवारी हे शेजारी बसून सतत बोलत होते. लायसन झाल्यावर मी ह्यांना मागच्या सीटवर बसवले आणि माशेलला पोहोचेपर्यंत बोलायचे नाही अशी अट घातली. बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे ह्यांनी एकदा खोकून दाखवले, पण अट मोडली नाही. वहीत लिहिल्याप्रमाणे आजवर ४३० किलोमीटर झाले आहेत. जुन्या गाडीच्या डाव्या मागच्या दारावर आमच्याच कुंपणाच्या चिऱ्याचा एक लांब ओरखडा आला. क्लच ऑगस्टमध्येच वर वर धरू लागला होता आणि चौथ्या गिअरला इंजिन ओरडे पण गाडी ओढत नसे; गॅरेजवाल्याने हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहिला, गाडी चटकन बंद पडायला हवी होती ती पडली नाही, तेव्हा पूर्ण सेट बदलला. साडेआठ हजार लागले. तो आधीच झिजलेला होता, असे हे म्हणतात. मी वाद घातला नाही.

काकांची क्षमा मागून सांगते की शोरूम आम्ही पितृपक्षातच पाहिले. तेथे आमच्याखेरीज कोणीही नव्हते. विक्रेत्याला सवड होती, त्यामुळे नेहमीच्या दहा मिनिटांच्या फेरीऐवजी पाऊण तास गाडी मिळाली, आणि मी ती फर्मागुडीच्या चढणीवर नेऊन थांबवून पाहिली. एएमटी ब्रेकवरून पाय काढताच हातभर मागे आली. वरच्या मॉडेलमध्ये चढणीवर धरून ठेवणारी सोय आहे आणि ती मागे आली नाही. फरक सत्तर हजारांचा आहे. मॅन्युअल शिकण्यासाठी एवढे कष्ट घेतल्यावर आता एएमटी घ्यावी का, यावर घरात दोन तट आहेत. सर्वेक्षककाका आणि अबोलीताईंनी यावर काही सांगितले तर बरे होईल.

अबोली

एएमटी घ्या, आणि वरचेच मॉडेल. शिकलेले वाया जात नाही. दादांची गाडी कधीतरी चालवावी लागेलच.

सर्वेक्षक_डिचोली

मी मॅन्युअल म्हणेन. हात आत्ता कुठे बसला आहे, तो सहा महिने मोडू नये. पण रोजची माशेलची ये-जा तुम्हांला करायची आहे, मला नाही.

काका_वाळपई

बुकिंग पितृपक्षात केले की नंतर?

फोंडेकर (पत्नी लिहीत आहे)

काका, पैसे अजून भरलेले नाहीत. आज घटस्थापना झाली, उद्या भरू. दसऱ्याला गाडी मिळणार नाही असे विक्रेत्याने सांगितले आहे, दिवाळीच्या आसपास येईल. तोवर एक काम बाकी आहे. नवी गाडी जुन्या गाडीपेक्षा वीत-दीड वीत रुंद आहे आणि आमचे गेट जुन्या गाडीच्या मापाने बांधलेले आहे. काल हे टेप घेऊन मोजत होते. आरसे धरून दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते. गवंड्याला डावीकडचे दोन चिरे काढायला बोलावले आहे.